गोठतं मायनस रूममध्ये, पाईप फुटतो बाहेरच्या उन्हात

नागपुरात थंडीने पाण्याचा पाईप फुटला असं कोणी सांगितलं, तर आधी विचारावं की तो पाईप कुठून येतो. शहराचं आजवर नोंदलेलं नीचांकी तापमान ३.५ अंश सेल्सिअस आहे, २९ डिसेंबर २०१८ चं. त्या रात्रीही छतावरच्या भरलेल्या लाइनीत बर्फ होण्याचं कारण नव्हतं. म्हणून डिसेंबरात गच्चीवरचा पाईप तडकला असेल तर उन्हाने कडक झालेलं पीव्हीसी, ढिला क्लॅम्प किंवा पंपाचा झटका यांकडे बघा. बर्फामुळे पाईप फुटतात ते वेगळ्या ठिकाणी: कळमन्याची शीतगृहं, हिंगणा आणि बुटीबोरीतल्या आइस्क्रीम-फ्रोझन मालाच्या मायनस रूम म्हणजे शून्याखाली ठेवलेल्या खोल्या, चिलर, बर्फाचे कारखाने. आणि मे महिन्यात घरोघरच्या फ्रीझरमधल्या बाटल्या.

मायनस रूमच्या लाइनींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. पाण्याची लाइन खोलीच्या एका कोपऱ्यातून आरपार जाते आणि बाहेर माल चढवायच्या-उतरवायच्या डॉकवर हात-क्रेट धुण्याच्या तोटीला मिळते. सकाळी तोटीला पाणी येत नाही. कोणीतरी पाईपवर गरम पाणी ओततो, पाणी सुरू होतं आणि त्याच वेळी डॉकवरच्या उघड्या भागात पाईपला लांब चीर दिसते. डॉकवर तापमान पस्तीस अंश. प्लंबर म्हणतो, माल हलका आला. तुकडा बदलतो. महिन्याभरात पुन्हा तेच, कधी त्याच जागी, कधी एक हात बाजूला.

माल बहुतेक वेळा ठीक असतो. चूक आहे ती फुटलेल्या जागी कारण शोधण्यात.

बर्फ भिंतीला ढकलत नाही, पाण्याला ढकलतो

सर्वसाधारण समज असा की पाईपात बर्फ झाला, तो फुगला आणि त्याने पाईप आतून फाडला. काही वेळा तसं होतं, पण लाइनीत हे क्वचित. पाईपात बर्फ भिंतीपासून आत वाढतो आणि त्याच्या मधोमध पाणी मोकळं असतं. जागा वाढली की हे मधलं पाणी लाइनीतून सरकतं. टाकीकडे वाट मोकळी असेल तर टाकीकडे, तोटी उघडी असेल तर तोटीकडे. वाट आहे तोवर दाब वाढत नाही आणि पाईप पूर्ण गोठूनही शाबूत राहू शकतो.

भानगड सुरू होते ती बर्फाचा बूच बसल्यावर. समजा मायनस रूममध्ये टाकीकडच्या बाजूला, पंख्याच्या झोतात, पाईप आधी पूर्ण बंद झाला. आता बुचापासून बंद तोटीपर्यंतचं पाणी दोन्हीकडून कोंडलं. बूच तोटीच्या दिशेने लांबत जातो, आणि प्रत्येक नवीन थेंबाचा बर्फ नऊ टक्के जास्त जागा मागतो. ती जागा फक्त कोंडलेल्या पाण्यातून मिळवायची असते. पाणी दबायला फार नाखूश असतं. एक टक्का दाबायला सुमारे २०० बार लागतात. तुलनेला ओव्हरहेड टाकीची दहा मीटर उंची म्हणजे फक्त १ बार.

द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो. बूच मायनस रूममध्ये, पण त्याने केलेला दाब डॉकवरच्या शेवटच्या एल्बोपर्यंत तेवढाच. त्यामुळे लाइन फुटते ती जिथे सर्वात कमजोर आहे तिथे, आणि ते ठिकाण बर्फापासून चार मीटर लांब, उन्हात असू शकतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात घरगुती पाईपांवर प्रयोग झाले, त्यातही हेच दिसलं: फूट बर्फाच्या जागी नसते, बूच आणि बंद तोटी यांच्यामधल्या पाण्यात असते.

यातून दिशेचा मुद्दा निघतो, आणि "कधी फुटतो, कधी नाही" या कोड्याचं उत्तरही. गोठणं तोटीकडून सुरू होऊन टाकीकडे सरकलं, तर पाणी मागे ढकललं जातं आणि काही बिघडत नाही. टाकीकडून सुरू होऊन तोटीकडे सरकलं, तर सापळा. त्याच लाइनीत एका रात्री पंखा डीफ्रॉस्टवर होता, दुसऱ्या रात्री क्रेटची थप्पी झोतासमोर आली, एवढ्याने सुरुवातीची जागा बदलते. मात्र लाइनीत एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा वॉल असेल, किंवा रात्री टाकीखालचा वॉल बंद करायची पद्धत असेल, तर मागची वाटही बंद. मग दिशा कोणतीही असो, पाणी कोंडतंच. "सुरक्षेसाठी" बसवलेला एनआरव्ही इथे घात करतो, आणि तो टाकीच्या मागे लपलेला असल्यामुळे कोणी बघत नाही.

एवढा जोर येतो कुठून

द्रव पाण्यात रेणू सीताबर्डीच्या बाजारातल्या शनिवारच्या गर्दीसारखे असतात: एकमेकांना धरतात, सोडतात, मधल्या फटीत घुसतात. बर्फ होताना प्रत्येक रेणू बरोबर चार शेजाऱ्यांना ठरलेल्या कोनात धरतो आणि मध्ये सहा कोनांच्या पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांमुळे बर्फाची घनता ०.९१७ आणि पाण्याची जवळपास १. म्हणून एक लिटर पाण्याचा साधारण १.०९ लिटर बर्फ.

ही नऊ टक्के वाढ गोठतानाच होते, थंड होताना नव्हे. चार अंशांखाली पाणी प्रसरण पावतं हे शाळेत शिकवतात आणि बरेच जण फुटण्याचं कारण तेच समजतात. पण चार अंशांपासून शून्यापर्यंतची ती वाढ टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे. तळ्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची, पाईपच्या दृष्टीने नगण्य.

मग जोर किती? तो बर्फाच्या अंगात साठलेला नसतो. शून्याखाली रेणूंना बर्फात जाणं सोयीचं होतं, आणि तापमान जितकं खाली तितकी ही ओढ मोठी. दाब त्याच्या उलट काम करतो, कारण दाबाला कमी जागेचं रूप हवं असतं आणि पाणी कमी जागेत मावतं. दोन्ही बरोबरीत आले की गोठणं थांबतं. हिशोबाने शून्याजवळ प्रत्येक अंशामागे सुमारे १३० बार, खाली जाल तसे अंशामागे थोडे कमी. उणे ५ अंशांवर बर्फ ६०० बारपर्यंत रेटू शकतो, उणे १० वर ११०० च्या आसपास, उणे २० वर १९०० च्या आसपास. उणे २२ अंश आणि सुमारे २१०० बार ही शेवटची हद्द. त्यापलीकडे पाण्यापेक्षा जड असलेला वेगळाच बर्फ तयार होतो आणि फुगणं संपतं.

म्हणजे उणे २० च्या खोलीत १९०० बार सोसणारं भांडं असेल तर आतलं उरलेलं पाणी गोठणारच नाही, द्रवच राहील आणि काही फुटणार नाही. असा पाईप कोणी बसवत नाही. नळाच्या फिटिंगवर १० किंवा १६ बार लिहिलेलं असतं. म्हणून "जरा जाड पाईप टाकू" हा उपाय मुळातच हरलेला आहे.

ऊर्जा कुठून येते? पाणी गोठताना ग्रॅममागे ३३४ जूल उष्णता बाहेर टाकतं आणि कंप्रेसर ती ओढून नेतो. पाईप फाडायला त्यातला फार छोटा हिस्सा लागतो. शंभर ग्रॅम बर्फ होताना ३३ हजार जूल सुटतात. पाईप चिरायला शंभरेक जूल पुरतात. म्हणूनच गोठून फुटलेला पाईप स्फोट झाल्यासारखे तुकडे उडवत नाही. चीर पडली, दोन-चार थेंब बाहेर आले की दाब संपला. हवा किंवा गॅस कोंडलेला असेल तर गोष्ट निराळी, ती पुढे बाटल्यांमध्ये येईल.

एक लाइन हिशोबाने

उणे २० ची खोली, १५ मिमी बाहेरच्या व्यासाचा आणि ०.७ मिमी जाडीचा कडक तांब्याचा सरळ पाईप. खोलीच्या आतून १.५ मीटर, पुढे डॉकवर ४ मीटर, शेवटी तोटी. मीटरमागे १४५ मिलि पाणी. खोलीतल्या भागात सुमारे २२० मिलि, पूर्ण ५.५ मीटरमध्ये ८०० मिलि. दिवसा तोटी सतत चालू, टाकीचं पाणी तीस अंश, त्यामुळे काही होत नाही. रात्री ९ ते सकाळी ६ पाणी स्थिर.

उघडा पाईप पंख्याच्या झोतात असेल तर पाऊण तासात पूर्ण गोठतो. म्हणून कोणीतरी १९ मिमी जाडीची नायट्राइल रबरची नळी चढवतं. आता मीटरमागे सव्वातीन वॉटच्या आसपास उष्णता जाते आणि पूर्ण गोठायला पाच तास लागतात. रात्र नऊ तासांची आहे. जाडी ५० मिमी केली तरी आठ तासांच्या आत काम होतं, आणि रविवारी सुट्टी असेल तर प्रश्नच नाही. इन्सुलेशन स्वतः उष्णता देत नाही, फक्त उशीर करतं. वर क्लॅम्पच्या जागी, एल्बोवर किंवा भिंतीच्या पॅनेलमधून पाईप जातो तिथे नळी तुटलेली असते, आणि बूच तिथेच आधी बसतो. बुचाला सगळं पाणी गोठायची गरजही नसते. स्थिर पाणी अनेकदा उणे चार-पाचपर्यंत द्रवच राहतं आणि मग एकदम पिसांसारख्या बर्फाने भरतं. त्या क्षणी फक्त सहा टक्के पाणी गोठलेलं असतं, पण त्याची जाळी लाइन अडवू शकते.

टाकीकडच्या टोकाला बूच बसला असं धरा. पुढे ६० सेंटिमीटर पाईप गोठला की साधारण ८ मिलि जास्तीची जागा हवी. ८०० मिलिमध्ये ८ म्हणजे एक टक्का. पाईपचा लवचीक ताण धरला तरी दाब १५० बारच्या पुढे जातो. खोलीतला सगळा पाईप गोठेपर्यंत २० मिलि बाहेर ढकलायचे असतात, म्हणजे हिशोब ३०० च्या वर जातो, आणि हा पाईप कडक अवस्थेत २५० च्या आसपास हार मानतो.

प्रत्यक्षात त्याच्या आधीच काहीतरी जातं, आणि ते ठिकाण ठरलेलं असतं. शीतगृहाचे मिस्त्री तांब्याचा जोड गॅसच्या बत्तीने ब्रेझ करतात. त्या आचेने जोडाच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर तांबं मऊ पडतं. मऊ तांबं ७० बारच्या आसपासच कायमचं ताणायला लागतं. बाकी पाईप कडक असल्यामुळे सगळा फुगवटा या मऊ तुकड्यांवर येतो. चार जोड आणि प्रत्येकी पाच सेंटिमीटर धरले, तर ३० मिलिपेक्षा कमी आकाराच्या भागाला दहा-पंधरा मिलि सामावून घ्यायचे असतात. एक-दोन रात्री तो फुगतो, तिसऱ्या रात्री फाटतो. आणि प्लंबर तुकडा बदलतो तेव्हा दोन नवे ब्रेझ जोड, म्हणजे दोन नव्या कमजोर जागा, तयार करून जातो. "नवा तुकडाच परत फुटला" या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं.

इतर पाईपांचं थोडक्यात. जीआय पाईप स्वतः खूप सोसतो, पण आट्यांजवळ आणि ओतीव एल्बोवर तडकतो. सीपीव्हीसी थंडीत ठिसूळ होतं आणि न ताणता तडकतं. पेक्स हा लवचीक प्लास्टिकचा पाईप ताणून परत येतो, पण त्याची पितळी फिटिंग जाते.

फूट बघून कारण ओळखणं

नळीच्या भिंतीवर आडवा ताण उभ्या ताणाच्या दुप्पट असतो, म्हणून दाबाने फुटलेला पाईप लांबीच्या दिशेने चिरतो. तांब्यात चिरेच्या आजूबाजूला माशाच्या पोटासारखा फुगवटा आणि ओठ बाहेर वळलेले दिसले, तर दाबाने गेलाय यात शंका नको. बारीक टोचल्यासारखं छिद्र आणि भोवती हिरवट डाग असेल तर गंज. जोडाभोवती गोल तडा असेल तर लाइन ओढली गेली आहे, क्लॅम्प बघा.

मग व्हर्नियर घ्या आणि फुटलेल्या जागेव्यतिरिक्त सगळ्या जोडांच्या दोन्ही बाजूंना व्यास मोजा. १५ मिमीचा पाईप कुठे १५.३ किंवा अधिक दाखवत असेल तर तो भाग ताणून गेलाय, गळत नसला तरी. बर्फ वितळला की पाणी आकसतं, पाईपचा फुगवटा परत जात नाही. ते तुकडे याच वेळी बदला.

फूट मायनस रूमच्या आतच, दोन गोठलेल्या जागांच्या मध्ये असेल, तर दोन बूच बसून मधलं पाणी कोंडलं होतं. बहुधा दोन क्लॅम्पपाशी किंवा दोन्ही भिंतींपाशी इन्सुलेशन उघडं सापडेल. फूट डॉकवर असेल तर बूच टाकीकडे बसतोय. तोटी गळायला लागली आणि वॉशर बदलूनही थांबत नसेल, तर तीही याच दाबाची पहिली खूण असू शकते. स्पिंडल आणि पॅकिंग पाईपच्या आधी जातात.

उपाय, पसंतीच्या क्रमाने

लाइन खोलीबाहेरून फिरवणं सर्वात चांगलं. दहा मीटर पाईप जास्त लागला तरी चालेल. मायनस रूममधून भरलेली पाण्याची लाइन नेण्याचं समर्थन सहसा होत नाही, ती केवळ जवळची वाट म्हणून नेलेली असते.

ते शक्य नसेल तर रात्री लाइन रिकामी ठेवा. खोलीत शिरण्याआधी, बाहेरच्या बाजूला, बंद करायचा वॉल आणि त्याच्या लगेच पुढे एक ड्रेन कॉक. खोलीतला पाईप त्या ड्रेनकडे मीटरला एक सेंटिमीटर उताराने. काम संपलं की वॉल बंद, ड्रेन उघडा, आणि तोटीही उघडी ठेवा; वरून हवा शिरली नाही तर पाणी नळीत अडकून राहतं. ड्रेन होताना पाणी मोजून घ्या. आतल्या दीड मीटरमधून २०० मिलिच्या आसपास निघालं पाहिजे. शंभरच निघालं तर पाईप मध्ये कुठेतरी झोळ खाऊन लोंबतोय आणि उरलेलं पाणी तिथे आहे. वॉल थोडा गळका असेल तर रात्रभर थेंब थेंब येऊन तोच थेंब बर्फ होतो आणि सकाळी लाइन चोंदलेली मिळते. म्हणून ड्रेन रात्रभर उघडाच असावा.

लाइन भरलेली ठेवणं भाग असेल तर हीटर टेप. १९ मिमी इन्सुलेशनखाली मीटरला १० वॉटची स्वनियंत्रित टेप पुरते, कारण गरज सव्वातीनची आहे. टेप पाईपला चिकटून, इन्सुलेशन तिच्यावरून, भिंतीच्या आरपार भागातही सलग, आणि आधी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सर्किट तोडणारा स्विच. नागपुरात इथे एक गोष्ट नेहमी सुटते: वीज गेली की कंप्रेसर डीजीवर म्हणजे डिझेल जनरेटरवर जातो आणि टेप राहते मेनवर. खोली उणे २० वर टिकते, टेप थंड. टेपचं सर्किट डीजीच्या बाजूला घ्या.

यांपैकी काहीही केलं तरी डॉकच्या भागात, खोली आणि तोटी यांच्यामध्ये, ६ बारला उघडणारा एक छोटा रिलीफ वॉल बसवावा. प्रेशर पंप असेल तर त्याच्या कमाल दाबापेक्षा वर ठेवून सेट करा. टाकीकडे बूच बसला तर २० मिलि पाणी बादलीत टपकेल आणि गोष्ट संपेल. रात्री तोटीतून थेंब पडू देण्याची जुनी युक्ती याच तत्त्वावर चालते. थेंबाच्या वाहण्याने पाणी गोठायचं थांबत नाही, पण कोंडलेल्या भागाला वाट मिळते. उभ्या पाईपच्या टोकाला हवा कोंडून ठेवणंही काही आठवडे चालतं, मग ती हवा पाण्यात विरघळते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. रबरी पडद्याची छोटी एक्स्पान्शन टाकी त्यापेक्षा बरी.

बाटलीचंही तेच

एक लिटरची बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट केलं तर ती फुटणार हे सगळ्यांना माहीत असतं. पण "थोडी रिकामी ठेवली होती, तरी फुटली" ही तक्रार जास्त येते. एक लिटर क्षमतेत ९०० मिलि पाणी भरलं तर ते ८१ मिलि वाढतं. १०० मिलि हवा १९ मिलिमध्ये दबते, म्हणजे दाब पाचपट. ८५० मिलि भरलं तर वाढ ७७, उरलेली हवा ७३, दाब जेमतेम दुप्पट. पन्नास मिलिचा फरक, पण इतका निर्णायक. लिटरमागे दीडशे मिलि रिकामं, हा नियम धरा.

त्यानंतरही काचेची बाटली उभी ठेवली तर धोका राहतो. पाणी मानेपर्यंत असेल तर अरुंद मानेतलं थोडं पाणी आधी गोठतं, वर बूच बसतो आणि पोटातलं पाणी कोंडतं. वरची रिकामी जागा आता त्याच्या कामाची नाही. झाकण ढिलं ठेवूनही उपयोग नसतो, कारण कोंडमारा झाकणाने केलेला नसून मानेतल्या बर्फाने केलेला असतो. म्हणून पाण्याची पातळी खांद्याच्या खाली, रुंद भागात ठेवा. काचेची बाटली फ्रीझरमध्ये न ठेवणं सर्वात सोपं.

सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली वेगळी. बर्फाच्या जाळीत गॅस मावत नाही, तो उरलेल्या द्रवात आणि वरच्या जागेत ढकलला जातो, आणि तीच वरची जागा बर्फाने आक्रसत असते. इथे कोंडलेला गॅस आहे, त्यामुळे काच उडते. अशी फुगलेली किंवा तळ बाहेर आलेली बाटली, कॅन फ्रीझरमध्ये दिसली तर उघडू नका, हलवू नका. फ्रीझर बंद करून दार लावून ठेवा आणि वितळल्यावर जाड कापडात धरून काढा.

गोठलेली लाइन सोडवताना

आधी टाकीकडचा वॉल बंद करा, कारण चीर पडलेली असेल तर बर्फच आत्ता गळती रोखून धरतोय. तोटी पूर्ण उघडा. मग उष्णता तोटीकडच्या टोकापासून सुरू करून टाकीकडे सरकवा: गरम पाण्यात भिजवलेलं कापड किंवा हेअर ड्रायर. मधूनच तापवायला सुरुवात केली तर दोन्ही बाजूंना बर्फ आणि मध्ये तापत जाणारं पाणी, म्हणजे कोंडलेलं पाणी प्रसरण पावतंय, आणि बत्ती वापरली तर वाफही. ज्या लाइनीला रात्री काही झालं नव्हतं ती सकाळी मिस्त्रीच्या हाताने फुटते ती अशी.

पाणी सुटल्यावर वॉल अर्धवटच उघडा आणि दहा मिनिटं सगळे जोड हाताने कोरडे आहेत का बघा. रिलीफ वॉल असेल तर त्याचा लिव्हर एकदा उचलून पाणी येतंय ना तपासा. नागपूरच्या बोअरच्या क्षाराने तो वर्षभरात चिकटून बसतो, आणि चिकटलेला वॉल असणं-नसणं सारखंच. दर तीन महिन्यांनी लिव्हर उचलायचा.